पकड वॉरंट, कलम ५१ आणि भारतानं १९७९ मध्ये स्वीकारलेला एक करार

"सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात नवीनच प्रॅक्टिस करतो. कृषी केंद्राच्या उधारीचा हुकूमनामा आहे आणि धनकोनं दरखास्तीत कास्तकाराला दिवाणी कैदेत टाकण्याचा अर्ज दिला आहे. मी ऋणकोच्या कैदेवरचा सुप्रीम कोर्टाचा जॉली जॉर्ज निकाल आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ दाखवलं, तर साहेब म्हणाले, 'संहितेत काय आहे ते सांगा, युनोचं नको.' करार म्हणजे कायदा नव्हे हे मलाही कळतं. मग न्यायाधीश तो कोणत्या आधारावर वापरतात? आणि खालच्या कोर्टात तो मांडायचा कसा?"

साहेब जे म्हणाले ते कायद्याला धरूनच आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडू नका. भारतात करार करतं ते केंद्र सरकार, आणि कायदा करते संसद. सरकारनं सही केली म्हणून कराराचं कलम आपोआप कोर्टात चालत नाही. त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ खाली संसदेनं कायदा करावा लागतो. अनुच्छेद ५१ मध्ये करारांबद्दल आदर वाढवण्याचं सांगितलं आहे खरं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात दावा करता येत नाही. तेव्हा "कराराच्या कलम ११ प्रमाणे माझ्या पक्षकाराला अटक करता येत नाही" असं वाक्य तुम्ही उच्चारलं असेल, तर ते चुकीचंच होतं.

करार कामाला येतो तो कायद्याचा अर्थ लावताना. कायद्याच्या शब्दांतून दोन अर्थ सरळपणे निघत असतील, आणि त्यातल्या एका अर्थानं देशानं दिलेला शब्द मोडत असेल, तर कायदेमंडळाला तो मोडायचा नव्हता असं गृहीत धरून दुसरा अर्थ घ्यायचा. अमेरिकेत सरन्यायाधीश मार्शल यांनी १८०४ मध्ये चार्मिंग बेट्सी जहाजाच्या प्रकरणात हे मांडलं. इंग्लंडमध्ये डिप्लॉक यांनी १९६० च्या दशकात सॉलोमन प्रकरणात ते नीट बांधून दिलं. आपल्याकडे त्याचं सर्वांत स्वच्छ विधान न्या. हंसराज खन्ना यांच्या १९७६ च्या एडीएम जबलपूर प्रकरणातल्या अल्पमतात सापडतं: विरोध उघड असेल तर देशातला कायदाच चालेल, पण दोन अर्थ शक्य असतील तर कराराशी जुळणारा घ्यावा. या तत्त्वाची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आल्या. दोन अर्थ दाखवता आले नाहीत तर करार फाइलीतच ठेवलेला बरा.

आता तुमचं प्रकरण. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ वाचा, विशेषतः परंतुकातला खंड (बी). पैशाच्या हुकूमनाम्यात ऋणकोला कैदेत टाकायचं, तर त्याच्याकडे रक्कम किंवा तिचा बराचसा भाग फेडायची ऐपत आहे, किंवा हुकूमनाम्यानंतर कधी होती, आणि तरी त्यानं फेडायचं नाकारलं किंवा फेडण्याकडे दुर्लक्ष केलं, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. खोच आहे ती "नंतर कधी होती" या शब्दांत. माणूस आज कफल्लक असला, तरी मधल्या काळात त्याच्या हातात पैसा आला होता आणि त्यानं हुकूमनाम्यात भरला नाही, एवढ्यावर शब्दशः वाचलं तर तो आत जाऊ शकतो.

आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ म्हणतं की, केवळ खासगी व्यवहारातल्या कराराचं देणं पुरं करण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही कैद करू नये. भारत या करारात १० एप्रिल १९७९ ला सामील झाला. सामील होताना आपण काही कलमांबाबत खुलासे नोंदवले, पण कलम ११ वर नाही. हे तपासून घ्यायची सवय लावा, कारण ज्या कलमावर देशानं हात राखून ठेवला आहे, तेच कलम पुढे करून युक्तिवाद केला की समोरचा वकील एका वाक्यात तो उडवतो. कलम ११ तर असं आहे की आणीबाणीतही ते बाजूला ठेवायची मुभा करारानं दिलेली नाही.

जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन, ४ फेब्रुवारी १९८०, न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. पाठक. लोक या निकालातलं गरिबीवरचं एखादं वाक्य वाचून दाखवतात आणि वस्तुस्थिती सोडून देतात. वस्तुस्थिती अशी होती: बँकेचा अडीच लाखांचा हुकूमनामा, शिवाय त्याच माणसांवर इतर हुकूमनामे, सगळे मिळून सात लाखांच्या वर. त्यांच्या स्थावर मालमत्ता आधीच जप्त झालेल्या आणि त्यावर रिसीव्हर नेमलेला. असं असताना दरखास्त कोर्टानं पकड वॉरंट काढलं, आणि पूर्वीही एकदा असंच वॉरंट निघालं होतं. ऋणकोंकडे आज काय आहे, याची चौकशीच झाली नव्हती.

सुप्रीम कोर्टानं कलम ५१ रद्द केलं नाही, आणि करार वरचढ आहे असंही म्हटलं नाही. उलट, करार आपोआप देशाचा कायदा होत नाही हे आधी स्पष्ट केलं. मग कलमाचा अर्थ लावला: नुसतं पैसे न भरणं पुरेसं नाही. एक तर आज फेडायची ऐपत असली पाहिजे, किंवा पूर्वी ऐपत असताना बुडवण्याच्या बुद्धीनं टाळाटाळ केलेली असली पाहिजे, बेफिकिरीच्या पुढची बेइमानी दिसली पाहिजे. आणि हे ठरवताना ऋणकोच्या इतर निकडीच्या गरजा आणि ओढाताण बघायची. प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवलं. म्हणजे "दुर्लक्ष" या शब्दात मावणाऱ्या दोन अर्थांपैकी कराराशी जुळणारा निवडला, बाकी कलम होतं तिथंच राहिलं.

इथे एक चोखंदळ वकील तुम्हाला अडवू शकतो, आणि त्याचा मुद्दा पोकळ नाही. संहिता १९०८ ची. कलम ५१ चं हे परंतुक १९३६ मध्ये घातलेलं. करारात आपण गेलो १९७९ ला. मग १९३६ च्या कायदेमंडळाला १९७९ चा शब्द मोडायचा नव्हता, हे गृहीतक टिकतं कसं? सरळ उत्तर असं की कायदेमंडळाच्या मनातला हेतू म्हणून ते इथे टिकत नाहीच. करार अमलात आणायलाच जो कायदा केला, तिथे हेतूची गोष्ट खरी असते. अँटी-डंपिंगसारख्या कायद्यांबद्दल २०१५ च्या जी. एम. एक्स्पोर्ट्स निकालात न्या. नरिमन यांनी हे मांडलं आहे: असा कायदा संदिग्ध असेल तर कराराच्या मजकुराकडे जावं आणि कराराचा उद्देश साधेल असा अर्थ लावावा. जुन्या कायद्याबाबत मात्र आधार वेगळा आहे. कोर्ट हा शासनसंस्थेचाच भाग आहे, देशानं जगापुढे शब्द दिला आहे, आणि कायद्याचे शब्द परवानगी देत असतील तर कोर्टानं आपल्या हातानं तो मोडू नये, असा तो विचार आहे. शिवाय जॉली जॉर्जमध्ये अनुच्छेद २१ पाठीशी होता: मनेका गांधी निकालानंतर स्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी लागते. माझं स्वतःचं मत असं की त्या निकालाचं अर्ध्याहून जास्त वजन अनुच्छेद २१ नं पेललं आहे. करारानं मुख्यतः एवढं केलं, की "वाजवी" म्हणजे काय याला एक नेमका मापदंड दिला, ज्यावर देशाची आधीच मान्यता होती. म्हणून मी दोन्ही एकत्रच मांडतो. एकटा करार पुढे केला की "युनो" हा शेरा येतो.

आता आकडे घालून पाहू. समजा हुकूमनामा जून २०२२ चा, रक्कम २,८०,००० रुपये. कास्तकाराकडे तीन एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी, राहतं घर. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं २४ क्विंटल कापूस ७,५०० च्या भावानं दिला आणि १,८०,००० चा चुकारा घेतला. त्यातले ७०,००० वेचणी, मजुरी आणि खताच्या जुन्या उधारीला गेले, ६०,००० आईच्या दवाखान्याला, ३०,००० पुढच्या हंगामाच्या बियाण्याला, २०,००० घरखर्चाला. पुढच्या हंगामात पीक गेलं. २०२४ मध्ये धनको चुकाऱ्याची नोंद घेऊन उभा राहतो: हुकूमनाम्यानंतर याच्या हातात १,८०,००० आले, म्हणजे रकमेचा बराचसा भाग, आणि यानं एक रुपया भरला नाही.

शब्दशः वाचनात धनको जिंकतो. जॉली जॉर्जच्या वाचनात प्रश्नच बदलतो: पैसा आला होता का, एवढंच विचारून भागत नाही, तो गेला कुठे आणि बुडवायच्या बुद्धीनं गेला का, हे बघावं लागतं. म्हणून तुमचा सगळा जोर हिशोबावर हवा. चुकाऱ्याची पावती स्वतःहून दाखल करा, लपवू नका. लपवलेली पावती समोरून आली की तीच बेइमानीचा पुरावा ठरते. दवाखान्याची बिलं, बियाण्याचं बिल, पासबुकाचा उतारा, सोसायटीच्या पीक कर्जाचा बोजा चढलेला सातबारा, आणि पुढच्या वर्षीची गावाची अंतिम पैसेवारी. पैसेवारी पन्नासच्या आत असेल तर तो महसूल खात्याचाच कागद सांगतो की त्या वर्षी पीक नव्हतं. ऐपतीचा हिशोब करताना जप्तीतून सूट असलेली मालमत्ता धरायची नाही, असं कलम ५१ चं स्पष्टीकरणच सांगतं. कलम ६० प्रमाणे कास्तकाराची शेतीची अवजारं, कोर्टाला गरजेचे वाटतील ते बैल आणि बियाणं, तसंच राहतं घर यांना ती सूट आहे. तेव्हा धनकोनं बैलजोडीची किंमत लावली असेल तर ती आधी खोडा.

तीन एकर वावर हा मात्र तुमचा कच्चा दुवा आहे. जमिनीला कलम ६० ची सूट नाही आणि धनको म्हणणारच की ही ऐपत नाही तर काय. उत्तर असं द्या की जमीन आहे तर जप्तीचा रस्ता मोकळा आहे, त्यानं तो धरावा. जमिनीची किंमत म्हणजे हातात फेडायला पैसा नव्हे, आणि विकायला लावण्यासाठी माणूस आत टाकणं हे कलम ५१ चं काम नाही. जॉली जॉर्जमध्ये मालमत्ता आधीच जप्त होती, इथे नाही, हा फरक कोर्टाच्या लक्षात येईल. तो लक्षात येण्याआधी जमिनीवरचा बोजा आणि हप्त्यांचा खरा, झेपणारा प्रस्ताव पुढे ठेवलेला असावा.

काही प्रकरणांत करार काढूच नका. दावा दाखल झाल्यावर ऋणकोनं दोन एकर साळ्याच्या नावानं करून दिले असतील, तर ते खंड (ए) मध्ये जातं. तिथे कैद "केवळ ऐपत नाही" म्हणून नसते, लबाडीसाठी असते, आणि कलम ११ मधला "केवळ" हा शब्द तुमच्यावरच उलटतो. ज्याच्या हाती विश्वासानं पैसा सोपवला होता, त्याच्यावरच्या हिशोबाच्या रकमेचंही तसंच. ती खंड (सी) मध्ये येते. पोटगीची थकबाकी खासगी व्यवहारातल्या कराराच्या देण्यात बसत नाही. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी आहे, तिथे कलम ५१ चा संबंध नाही. सोसायटीची सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यावरची वसुली वेगळ्या वाटेनं जाते. तिथे हा निकाल जसाच्या तसा लावायला जाऊ नका.

कागद कोणता, हेही बघत चला. मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा २०१८ चा जाहीरनामा हे करार नाहीत. त्यांचा सूर मदतीचा असला तरी या गृहीतकाला लागतो तो बंधनकारक शब्द त्यांत नाही. छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केलेलं नाही. आणि कायद्यानंच दार ठरवून दिलं असेल तर गृहीतक ते ओलांडू शकत नाही. २०२३ च्या नेस्ले प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कर-करारातली सवलत आयकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना निघाल्याशिवाय घेता येणार नाही. कराराचा मजकूर अनुकूल होता, तरी कायद्याची पायरी चुकवता आली नाही. विशाखा प्रकरणात (१९९७) करारावरून मार्गदर्शक तत्त्वं दिली गेली ती कायदाच नव्हता म्हणून; ती पोकळी भरणं होतं, कलमाचा अर्थ लावणं नव्हे. तुमच्याकडे कलम आहे, तेव्हा विशाखा मध्ये आणून गोंधळ वाढवू नका.

मांडणीचं म्हणाल तर तालुका कोर्टात मी कराराचं नाव शेवटी घेतो. तिथल्या न्यायाधीशाला करार वाचायची गरजच नाही, कारण सुप्रीम कोर्टानं लावलेला कलम ५१ चा अर्थ अनुच्छेद १४१ मुळे त्यांच्यावर बंधनकारक आहे. करार त्या अर्थाच्या आत आधीच मुरलेला आहे. "संहितेत काय आहे ते सांगा" याला उत्तर एकच: "साहेब, संहितेचंच सांगतो." से म्हणजे लेखी म्हणणं लिहिताना परिच्छेद साधारण असा ठेवा:

"अर्जदारानं ऋणकोच्या आजच्या ऐपतीबद्दल कोणताही पुरावा दिलेला नाही. हुकूमनाम्यानंतर मिळालेल्या १,८०,००० रुपयांचा खर्च सोबतच्या कागदांत दाखवला असून त्यात रक्कम बुडवण्याचा हेतू दिसत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस निकालाप्रमाणे कलम ५१ खंड (बी) साठी नुसतं न भरणं पुरेसं नाही. कलमाचा हा अर्थ अनुच्छेद २१ ला आणि भारतानं स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ११ ला धरून आहे, आणि तो अनुच्छेद १४१ खाली बंधनकारक आहे."

त्याआधी प्रक्रिया तपासा, कारण बऱ्याच दरखास्ती तिथेच अडखळतात. आदेश २१ नियम ११-ए प्रमाणे अटकेच्या अर्जात किंवा सोबतच्या प्रतिज्ञापत्रात कारणं लिहिलेली हवीत. "ऋणको रक्कम भरत नाही" हे कारण नव्हे. नियम ३७ प्रमाणे साधारणपणे वॉरंटऐवजी कारणे दाखवा नोटीस निघायला हवी, पळून जाण्याची भीती प्रतिज्ञापत्रानं दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. नोटीस आली आणि पक्षकार आलाच नाही, तर मात्र वॉरंट निघतं आणि तेव्हा कोणताच निकाल कामी येत नाही. त्याला तारखेला उभा करणं हे तुमचं पहिलं काम. मग नियम ४०: आधी धनकोचं ऐकायचं आणि त्याचा पुरावा घ्यायचा, त्यानंतर ऋणकोला कारण दाखवायची संधी. हा क्रम धरून ठेवा. धनकोला साक्षीला उभं करा आणि उलटतपासणीत विचारा: आज याच्याकडे काय आहे, तुम्हाला कसं कळलं, जप्तीचा अर्ज का नाही दिला? यावर उत्तर नसेल तर कायद्याचा अर्थ लावायची वेळही येत नाही. ऋणको बाई असेल तर कलम ५६ मुळे पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच नाही, तिथे हे सगळं लिहायची गरज नाही.

पक्षकाराला काय जोखीम आहे तेही खरं सांगा. कलम ५८ प्रमाणे पाच हजारांवरच्या रकमेला जास्तीत जास्त तीन महिने, आणि आत जाऊन आलं तरी देणं फिटत नाही; त्याच हुकूमनाम्यात पुन्हा अटक तेवढी होत नाही. आतल्या दिवसांचा निर्वाहभत्ता धनकोला भरावा लागतो. हे कळल्यावर कृषी केंद्रवाला बरेचदा स्वतःच हप्त्यावर येतो, आणि तडजोड झाली तर ती दरखास्तीत लेखी नोंदवून घ्या.

आदेश विरुद्ध गेलाच, तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतल्या अटकेवर कलम १०४ खाली अपील नाही. नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२७ खाली जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न असतो तो खालच्या कोर्टानं ऐपतीबद्दल कारणं लिहिली का. कलम ५१ नं कारणं लेखी नोंदवणं सक्तीचं केलं आहे. म्हणून से मध्ये वरचा परिच्छेद, सोबत कागदांची यादी आणि उलटतपासणीतली ती तीन उत्तरं रेकॉर्डवर आलेली हवीत. ती नसतील तर खंडपीठापुढे करारही नव्यानं उभा करता येत नाही.